निरोपाचं भाषण: सुलभाताईंच्या नावावर कोटी करावी की नको?

फुलेनगरची_पल्लवी · १९ मे, रात्री ९:४०

मंडळी, ३१ मेच्या आत मदत हवी आहे.

मी नाशकात पंचवटीतल्या एका अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. आमच्या वरिष्ठ लिपिक सुलभाताई या महिनाअखेर निवृत्त होताहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना सरसकट १ जून लावला, त्या पिढीतल्या. त्यामुळे ३१ मेला अर्ध्या जिल्ह्यात निरोप समारंभ असतात आणि शाल-श्रीफळाचा भाव वाढलेला असतो, हे आलंच.

कार्यालयातर्फे पाच मिनिटं बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. सगळे म्हणाले, "नावावरून काहीतरी छान कर." केलं. सुरुवात अशी झाली आहे:

"नावातच ज्यांच्या सुलभता आहे अशा आमच्या सुलभाताई! सु म्हणजे चांगले आणि लाभ म्हणजे फायदा. ज्यांना सुलभाताई लाभल्या त्यांचे सर्व काही सुलभ झाले. त्यांचे बोलणे सुलभ, वागणे सुलभ, काम करण्याची पद्धत सुलभ. त्या कोणालाही सहज उपलब्ध असत. अशा सुलभ व्यक्तिमत्त्वाला मी काय निरोप देणार?"

वाचून नवरा म्हणाला, "हे वॉशिंग पावडरच्या जाहिरातीसारखं वाटतंय." राग आला, पण खोटं नाही म्हणवत. ताईंच्या हाताखाली सात वर्षं काढली आहेत, त्यांचा अपमान व्हायला नको. काय करू?

सातपूरचा_बाब्या · १९ मे, रात्री ९:५२

इतका विचार काय करायचा? शेवटचं वाक्य घ्या: "आजवर ज्या सुलभ होत्या, त्या उद्यापासून दुर्लभ होणार!" टाळ्या, चहा, वेफर्स, घरी.

रेणुका_दि · १९ मे, रात्री १०:१५

पल्लवी, दोन गोष्टी लगेच काढून टाक.

पहिली म्हणजे "कोणालाही सहज उपलब्ध". तुझ्या मनात काही नाही हे मला कळतंय, पण बाईमाणसाबद्दल माईकवरून हे वाक्य गेलं की मागच्या रांगेत कुणीतरी खाकरतंच. "सोपी" हा शब्दही याच कारणासाठी नको.

दुसरी, "सुलभ" हा शब्द मोकळा सोडू नकोस. सीबीएस स्टँडवर उतरणाऱ्या कुणालाही विचार, सुलभ म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं. आमच्या बँकेत एका साहेबांनी "सुलभ सेवेचं दुसरं नाव म्हणजे आमच्या सुलभा मॅडम" म्हटलं होतं. हॉलमध्ये जे फिसफिस सुरू झालं ते हार घालेपर्यंत थांबलं नाही. बिचाऱ्या मॅडम हसत होत्या, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या. साहेबांना आजतागायत कळलेलं नाही काय झालं ते.

म्हणून नाव घ्यायचं ते "सुलभाताई" असं अख्खं घे. सुलभ सेवा, सुलभ सुविधा, सुलभ व्यवस्था, काही नको.

जुनाखडू · १९ मे, रात्री ११:०५

मी संस्कृतचा मास्तर होतो, निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. सहा वाक्यांत "सुलभ" आठ वेळा आले आहे, मोजून पाहिले. कोटी ही फोडणीतल्या हिंगासारखी असते, भाजी हिंगाची करायची नसते.

आता अर्थाकडे. "सु + लाभ" हे अगदीच चुकीचे नाही, लाभ आणि सुलभ एकाच लभ् धातूचे. पण त्या धातूचा मूळ अर्थ फायदा नव्हे. मिळणे, हाती लागणे, सापडणे. सुलभा म्हणजे जी मिळायला कष्ट पडत नाहीत ती. यात कष्ट कोणाचे वाचतात? शोधणाऱ्याचे. पाणिनीने सु, दुर् लावून होणाऱ्या सुलभ-दुर्लभ अशा शब्दांसाठी सूत्र केले आहे आणि त्यातही अर्थ असा समोरच्याच्या बाजूनेच आहे. म्हणून "सर्व काही सुलभ करणाऱ्या" असे ओढून आणू नका. करणाऱ्याला तुमच्या शिक्षण खात्यात वेगळा शब्द आहेच, प्रशिक्षणात तो "सुलभक" येतो ना, तो.

दुसरे असे की तुमच्या मसुद्यात कोटी आहे, पण ती ज्यावर उभी राहावी ते काहीच नाही. ताईंचे नाव काढून सुनीता घाला, सुनीतीवर तेवढीच वाक्ये होतील. म्हणून एक प्रश्न विचारतो, उत्तर इथेच द्या. तुमच्या कार्यालयात ताईंकडे नेमके काय सापडायचे?

निफाडचा_गडी · २० मे, सकाळी ७:३०

सुलभा हे नाव महाभारतातलं आहे. जनकाच्या दरबारात याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारून ज्यांनी गप्प केलं त्या सुलभा. हा संदर्भ घातला तर भाषणाला वजन येईल. विदुषी वगैरे.

जुनाखडू · २० मे, सकाळी ८:१०

गडीसाहेब, अर्धे बरोबर. याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारणारी ती गार्गी, बृहदारण्यकातली. दरबार दोन्हीकडे जनकाचा म्हणून गल्लत होते. सुलभा शांतिपर्वात येते, भीष्म युधिष्ठिराला तिची गोष्ट सांगतात. ती संन्यासिनी. जनकाला वाटत असते की राज्य करूनही आपण मुक्त आहोत. ती ते तपासायला येते. तो तिला विचारतो, तू कोण, कोणाची, कुठून आलीस? उत्तर देण्याआधी ती त्याला बोलणे कसे असावे हेच ऐकवते. त्यात एक गुण सांगितला आहे क्रम: काय आधी सांगायचे आणि काय नंतर. पल्लवीबाईंच्या मसुद्यात नेमका तोच उलटा झाला आहे.

पण हे भाषणात घालू नका. तिथे मुलांना पेढ्याची घाई असते. शिवाय राजाशी वाद घालणाऱ्या संन्यासिनीची उपमा मुख्याध्यापकांसमोर दिलीत तर राजा कोण, हा प्रश्न उभा राहील.

सातपूरचा_बाब्या · २० मे, सकाळी ८:१४

सर, शेवटच्या वाक्यासाठी _/\_

वसंत_५८ · २० मे, सकाळी ११:२०

३१ मेला निवृत्त होणाऱ्यांना १ जुलैची वेतनवाढ मिळते का? माझ्या मेहुण्याची केस आहे. कोर्टाचा निर्णय आहे म्हणतात.

रेणुका_दि · २० मे, सकाळी ११:४१

काका, तो ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचा विषय, त्यांचं वर्ष पूर्ण भरतं. मे अखेरच्यांचं अकरा महिनेच होतात. वेगळा धागा काढा ना, इथे भाषण चाललंय.

फुलेनगरची_पल्लवी · २० मे, रात्री ८:३०

जुनाखडू सर, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. ताईंकडे काय सापडायचं? नावं सापडायची. माणसं आपलं नाव शोधत यायची.

एक प्रसंग सांगते. मी नवीन होते. पावसाळ्याचे दिवस, खिडकीशी एक तिशीच्या आतला माणूस आला, सेंट्रिंगचं काम करणारा, हाताला सिमेंट तसंच. शाळा सोडल्याचा दाखला हरवलाय, जातीच्या दाखल्यासाठी दुसरी प्रत हवी. कोणत्या साली शाळा सोडली, माहीत नाही. जन्मतारीख आधारवर आहे ती शाळेतली नव्हेच. मी म्हणाले, साल शोधून आणा, मग या. आमच्याकडे जनरल रजिस्टरचे इतके खंड आहेत, साल नसेल तर कुठे बघणार? तो वळला.

मागून ताई म्हणाल्या, "थांब रे. दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा तू कितवीत होतास?"

तो म्हणाला, सातवीत. त्या पुरात घर गेलं म्हणून मग आत्याकडे ओझरला राहायला गेलो.

बस. २००८ चा सप्टेंबर, गोदावरीच्या पात्रातला तो मारुती पुरात बुडाला तेव्हाचा. ताईंनी कपाटातून खंड काढला. त्यांची एक लाकडी फुटपट्टी आहे, एका टोकाचा टवका उडालेली. ती ओळीखाली धरून त्या सरकवत नेतात, म्हणजे नजर एका मुलावरून दुसऱ्यावर घसरत नाही. वीस मिनिटांत सापडला. शेऱ्याच्या रकान्यात "सतत गैरहजर" लिहिलं होतं. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं, दोन दिवसांनी दाखला घेऊन गेला.

लिहिताना मला आत्ता लक्षात आलं, त्यानंतर मी खिडकीवरून कुणाला "साल आणा" म्हटलेलं नाही.

जुनाखडू · २० मे, रात्री ८:५२

झाले की भाषण. आता फक्त क्रम लावा. आधी हा मुलगा, मग फुटपट्टी, आणि नाव अगदी शेवटी, एकदाच. लोकांना आधी गोष्ट द्या, ते मनात स्वतःच म्हणतील, अरे, सुलभा! तुम्ही म्हणण्याआधी त्यांच्या मनात आले तरच कोटी साधली.

शालिनी_आत्या · २१ मे, दुपारी ३:०५

मी फक्त वाचत असते, पण आज राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी शालीन या शब्दावर दहा मिनिटं भाषण केलं होतं. शालीन बोलणं, शालीन चालणं. मी खुर्चीत गप्प बसून होते. माझं नाव शालिनी नाहीच हो. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं ह्यांनी जे नाव लिहिलं ते हे. माहेरचं नाव वेगळं, ते वडिलांनी आवडीनं ठेवलेलं. सासूबाईंना ते जुनाट वाटलं. एकवीस वर्षं एका नावानं हाक आली, मग एका दुपारी ते नाव गेलं. सेवापुस्तिकेत पहिल्याच पानावर नावबदलाची नोंद आहे, कुणी उघडून पाहिली असती तर दिसली असती.

लोकांनी प्रेमानंच केलं, तक्रार नाही. पण पल्लवी, तुमच्या ताईंच्या वयाच्या बायकांत हे फार असतं. आधी विचारून घे बाई.

रेणुका_दि · २१ मे, दुपारी ३:३०

आत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पल्लवी, आधी हे बघ, बाकी सगळं नंतर.

फुलेनगरची_पल्लवी · २२ मे, रात्री ९:१०

आत्या, तुमचे पाय धरते.

ताईंना सरळ विचारलं असतं तर त्यांना भाषणाचा वास लागला असता. त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "हो, सुलभा आजीनं ठेवलेलं. आईचं माहेरचं नाव दुर्गा. सिन्नरचा मामा अजून दुर्गीच म्हणतो." आईला सुलभा आवडतं का विचारलं तर म्हणाली, "आवडतं की नाही ते माहीत नाही. पण सही करताना 'सु' फार झोकात काढते."

आता?

जुनाखडू · २२ मे, रात्री ९:३३

दुर्गा! अहो, दुर् + गम्, जिथे पोचणे कठीण ती. आणि इकडे सु + लभ्, जी मिळायला सोपी. माहेरी दुर्, सासरी सु. पस्तीस वर्षे शिकवूनही वर्गात मला इतके नेमके उदाहरण कधी मिळाले नाही.

सातपूरचा_बाब्या · २२ मे, रात्री ९:४०

मग हेच घ्या ना! "दुर्गेची सुलभा झाली." हॉल डोक्यावर घेतील लोक. माझं दुर्लभ मी मागे घेतो.

रेणुका_दि · २२ मे, रात्री ९:५८

अजिबात नको. ज्या नावानं फक्त भाऊ हाक मारतो ते संस्थेच्या अध्यक्षांसमोर माईकवरून काढायचं? आणि "दुर्गेची सुलभा झाली" याचा अर्थ काय होतो ते ऐका जरा. कठीण होती, लग्नानंतर सोपी झाली. हे कौतुक आहे?

निफाडचा_गडी · २२ मे, रात्री १०:२०

मला नाही पटत. माहेरचं नाव निघालं की बाईमाणसाला आनंदच होतो. आमच्या आईला कुणी माहेरच्या नावानं हाक मारली की डोळ्यांत पाणी यायचं. मुलीला विचारून घ्या आणि बिनधास्त वापरा.

शालिनी_आत्या · २२ मे, रात्री १०:४५

गडीदादा, डोळ्यांत पाणी येतं ते खरं. पण शंभर लोकांसमोर ते कोणाला आणायचं आहे का, ते तिचं तिला ठरवू द्या.

जुनाखडू · २३ मे, सकाळी ६:५०

रात्री उत्साहात लिहिले. रेणुकाबाईंचे बरोबर आहे. उदाहरण माझ्या वहीत राहू दे, भाषणात नको.

फुलेनगरची_पल्लवी · २५ मे, रात्री ११:१५

दुर्गा बाहेर ठेवली. नवा मसुदा. सुरुवातीला नेमणुकीचं साल वगैरे एक मिनिट आहे, ते देत नाही. मधला प्रसंग वर लिहिला तसाच आहे. त्यानंतरचा भाग असा:

"तो मुलगा दाखला घेऊन गेला तेव्हा मी ताईंना विचारलं, तुम्हाला पुराचं कसं सुचलं? ताई म्हणाल्या, 'अगं, माणसाला साल आठवत नाही, पाणी आठवतं.' त्या दिवसापासून मी खिडकीवर साल विचारणं सोडलं. कुणाला विचारते, वर्गशिक्षक कोण होते? कुणाला विचारते, सिंहस्थाच्या सुट्टीत शाळेत होतास का? लभ् म्हणजे सापडणं. या शाळेतून गेलेल्या कुणालाही आपलं नाव हवं झालं तर ते ताईंच्या टेबलावर सापडायचं. ताईंचं नाव मात्र आम्ही रोज हाका मारून झिजवलं आणि त्याचा अर्थ काय, हे मला एका सेंट्रिंगवाल्यामुळे कळलं. ताई, जाताना एवढं करा, ती फुटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून जा."

घरी घड्याळ लावून वाचलं, एकूण साडेचार मिनिटं. नवऱ्यानं या वेळी काही विनोद केला नाही.

जुनाखडू · २६ मे, सकाळी ७:०५

"लभ् म्हणजे सापडणं" काढा. पाय मोडलेला भ कानाला ऐकू येत नाही, लोकांना "लभ" की "लव्ह" कळणार नाही. "सुलभा म्हणजे जी सहज सापडते" एवढेच म्हणा. आणि मग थांबा. मनात तीन आकडे मोजा, तेवढ्यात अर्थ पोचतो. "झिजवलं" हे वाक्य मात्र मी काढीन, ते लेखी वाटते.

रेणुका_दि · २६ मे, सकाळी ९:२०

"झिजवलं" ठेव. अख्ख्या भाषणात तेच मला आवडलं. पण "जी सहज सापडते" यातून पुन्हा तोच जुना वास येतोय, सर. "जिच्याकडे सापडतं" म्हणता येणार नाही का?

जुनाखडू · २६ मे, सकाळी ९:४१

व्याकरणात बसत नाही.

रेणुका_दि · २६ मे, सकाळी ९:४३

व्याकरण समारंभाला येणार आहे का?

फुलेनगरची_पल्लवी · १ जून, दुपारी १:३०

झालं काल. हकीकत सांगते.

माझ्या आधी संस्थेचे एक पदाधिकारी बोलले आणि दुसऱ्याच वाक्याला "सुलभ होत्या त्या आता दुर्लभ" आलं. बाब्यादादा, तुमची खूप आठवण झाली. लोक हसले, आणि मी मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांचे आभार मानले की माझ्या कागदावर ते वाक्य नव्हतं.

माझ्या वेळी माईकनं शिट्टी मारली, पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. "मारुती बुडाला तेव्हा कितवीत होतास" याला मागच्या माजी विद्यार्थ्यांच्या रांगेत हशा पिकला, कारण त्यातल्या दोघातिघांना ताईंनी हेच विचारलेलं होतं. नावाच्या ठिकाणी सर, मी तुमचं आणि रेणुकाताईंचं दोन्ही सोडलं. ऐनवेळी तोंडातून निघालं, "सुलभा. सापडणं सोपं व्हावं, असं नाव." व्याकरणात बसतं की नाही ते तुम्ही सांगा. तीन आकडे मोजायला विसरले. "झिजवलं" ठेवलं होतं, त्या वाक्याला ताईंनी खाली बघितलं. बरं वाटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या उत्तराच्या भाषणात त्या नावाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. शिपाईकाकांचे आभार मानले, उन्हाळ्यात माठ भरून ठेवल्याबद्दल. निघताना फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ पांढरी टोपी सावरत उभे होते. त्यांनी हाक मारली, "दुर्गे, गाडी लागलीय." आणि ताई तुरुतुरु चालत गेल्या, शाळेत इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याआधी माझ्याकडून भाषणाचा कागद मागून घेतला होता. चष्मा लावून उभ्याउभ्या वाचला, पर्समधून पेन्सिल काढली आणि एका ठिकाणी खूण करून परत दिला. म्हणाल्या, "माझी नेमणूक १९९४ ची नाही, ९३ ची. सेवापुस्तिका बघायची होतीस की." आज ड्रॉवर उघडला तर फुटपट्टी आत होती.

शालिनी_आत्या · १ जून, दुपारी २:१०

छान केलंस हो.

जुनाखडू · १ जून, दुपारी २:२५

बसते. ओढूनताणून, पण बसते. आणि नेमणुकीचे साल चुकणे हे मात्र लिपिकाला शोभत नाही.

वसंत_५८ · १ जून, सायंकाळी ६:००

त्यांना १ जुलैची वेतनवाढ मिळाली का, तेवढं विचारून सांगाल का?